गच्चीवर ठरलं ते मेलवर

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर वर्दळ वाढते. सचिव, खजिनदार, छतावर ओल धरलेला वरच्या मजल्यावरचा वैतागलेला सभासद आणि वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार भर उन्हात उभे असतात. कंत्राटदार कोब्यावर टाच आपटून बघतो, पोकळ आवाज आला की मान हलवतो. मग दर सांगितला जातो, थोडी घासाघीस होते आणि चहा येईपर्यंत काम ठरलेलं असतं. सचिव विचारतात, "जुना कोबा काढणं, कठड्याचं काम, सगळं धरूनच दर ना?" कंत्राटदार म्हणतो, "सगळं त्यात आलं, काका. टेन्शन घेऊ नका."

जून-जुलैतल्या भांडणाचं बी या एका वाक्यात असतं. त्या क्षणी दोघेही प्रामाणिक असतात. अडचण अशी की ‘सगळं’ म्हणताना सचिवांच्या डोळ्यांपुढे एक यादी असते आणि कंत्राटदाराच्या डोळ्यांपुढे दुसरी.

आकडे घालून बघू. गच्ची ६० फूट बाय ५० फूट, म्हणजे ३,००० चौरस फूट. जुना ब्रिकबॅट कोबा फोडायचा, स्लॅबच्या भेगा भरायच्या, नवा कोबा ढाळ देऊन करायचा आणि वरून चायना मोझॅक बसवायचं. दर ठरला चौरस फुटाला १८० रुपये. सचिवांच्या हिशेबी काम ५ लाख ४० हजारांचं. कंत्राटदाराच्या मनात मात्र जीएसटी वेगळा आहे. अशा कामाला तो १८ टक्के, म्हणजे आणखी ९७,२०० रुपये. शिवाय कठड्याच्या आतल्या बाजूने वॉटरप्रूफिंग फूटभर वर चढवावं लागतं, नाहीतर पाणी कोपऱ्यातून शिरतं. गच्चीचा घेर २२० फूट, म्हणजे हे माप आणखी २२० चौरस फूट. ते मोजून बिलात धरायचं, की दरात आलंच असं समजायचं? फरक ३९,६०० रुपयांचा.

आता फोडलेल्या कोब्याचं बघा. सरासरी चार इंच जाडी धरली तर ३,००० चौरस फुटांतून १,००० घनफूट, म्हणजे १० ब्रास माल निघतो. फोडल्यावर तो फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात उचलायचा राडारोडा याहून बराच जास्त. तो गोण्यांत भरून खाली कोण आणणार? लिफ्ट वापरू देणार का? गाडीचं भाडं कोणाचं? गच्चीवर हे कोणी विचारलेलं नसतं, कारण तिथे उभं असताना राडारोडा अजून कोब्याच्याच रूपात पायाखाली असतो.

आणि पाणी. काम झाल्यावर गच्चीची भोकं बंद करून पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्या घरांची छतं बघायची, ही खरी परीक्षा. तीन हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे १४,००० लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजार लिटरचे टँकर धरले तर जवळपास दीड टँकर. त्याआधी कोब्यावर रोज पाणी मारायचं ते वेगळंच. मे महिन्यात, पाणीकपात चालू असताना, हे पाणी आणायचं कोणी? कंत्राटदार गृहीत धरतो की सोसायटीचं पाणी आहेच; सोसायटी गृहीत धरते की काम त्याचं, टँकरही त्याचाच.

यातला एकही प्रश्न अवघड नाही. गच्चीवर विचारला असता तर दोन मिनिटांत सुटला असता. जुलैत मात्र तोच प्रश्न "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात" आणि "मी असं कधी म्हणालोच नव्हतो" या दोन वाक्यांत अडकतो. पाऊस चालू असतो, वरच्या मजल्यावर बादल्या लागलेल्या असतात आणि शेवटचा हप्ता थांबलेला असतो.

बऱ्याच जणांचा समज असतो की तोंडी बोलण्याला कायद्यात किंमत नाही. तसं नाही. १८७२चा भारतीय करार कायदा तोंडी कराराला करारच मानतो. दोन्ही बाजू करार करण्यास पात्र असाव्यात, संमती मोकळेपणाने दिलेली असावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावा, एवढी त्याची अपेक्षा. काही व्यवहार लेखीच हवेत किंवा नोंदवलेच पाहिजेत असं इतर कायदे सांगतात, पण गच्चीची दुरुस्ती त्यांत येत नाही. म्हणजे चहा पिताना ठरलेला करारही खरा असतो. अडतं ते पुढे, नेमकं काय ठरलं होतं हे दाखवायची वेळ येते तेव्हा.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याच संध्याकाळी लिहिलेला एक ईमेल. वकिली भाषेतली नोटीस नव्हे, स्टँप पेपरवरचा करारही नव्हे. ‘आज आपलं असं ठरलं, माझ्या समजण्यात चूक असेल तर सांगा’ एवढंच सांगणारं साधं पत्र.

मोठ्या कंपन्यांचे व्यवहारही अशाच पत्रांवर उभे राहिलेले आहेत. ऑक्टोबर २००७मध्ये दुबईच्या ट्रायमेक्स कंपनीने वेदांता अ‍ॅल्युमिनियमला बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव ईमेलने दिला. फोनवर बोलणं झालं, मेलची देवाणघेवाण झाली आणि वेदांताने १६ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियातून पाच जहाजं माल घेण्यास मेलनेच होकार कळवला. रीतसर कराराच्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या, त्या झाल्याच नाहीत. पुढे वाद झाल्यावर वेदांताचं म्हणणं असं की सही नाही, म्हणजे करार पुरा झालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१०मध्ये ते मानलं नाही. माल, किंमत, प्रमाण, पैसे देण्याची पद्धत अशा मुख्य गोष्टी मेलमध्ये ठरल्या असतील, तर रीतसर कागद व्हायचा राहिला म्हणून करार नाहीसा होत नाही, असा त्या निकालाचा आशय. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने घातलेलं कलम १०अ हेच दुसऱ्या बाजूने सांगतं: करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही.

तर आपल्या सचिवांचा मेल. रविवारी सकाळी बोलणं झालं, त्याच रात्री तो गेला पाहिजे. तीन दिवसांनी लिहायला बसलं की माणूस आठवणीच्या जागी इच्छा लिहू लागतो. शिवाय तोवर कंत्राटदाराने माणसं आणून कुदळ मारली असेल, तर मेलला ‘कामाआधी ठरलेलं’ हे वजन राहत नाही. मेल साधारण असा:

विषय: गच्ची वॉटरप्रूफिंग – रविवार, १२ एप्रिलच्या चर्चेत ठरलेलं

सप्रेम नमस्कार. आज सकाळी गच्चीवर तुमच्याशी बोलणं झालं, तेव्हा खजिनदार आणि मी हजर होतो. आपलं जे ठरलं ते आठवणीसाठी लिहून पाठवतो.

काम: जुना कोबा स्लॅबपर्यंत काढणं, स्लॅबच्या भेगा भरणं, पाइपांकडे ढाळ देऊन नवा ब्रिकबॅट कोबा, वरून चायना मोझॅक, कठड्याच्या आतून एक फूट उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंग. सर्व माल आणि मजुरी तुमची.

दर: चौरस फुटाला १८० रुपये, जीएसटी वेगळा. गच्चीचं माप ३,००० चौरस फूट. कठड्याचं एक फुटाचं काम या दरात धरलं आहे, त्याचं वेगळं माप नाही.

राडारोडा खाली उतरवून महापालिकेने ठरवलेल्या ठिकाणी नेणं तुमच्याकडे. लिफ्ट वापरायची नाही. पाणी आणि वीज सोसायटीकडून; चाचणीसाठी टँकर लागला तर खर्च सोसायटीचा. सोलर हीटर आणि डिश काढून परत बसवणं सोसायटी करून घेईल, २० एप्रिलपर्यंत गच्ची मोकळी मिळेल.

या कामात धरलेलं नाही: पाण्याच्या टाकीखालचा भाग, जिन्यावरचं छत, बाहेरून भिंतींचं प्लॅस्टर.

सुरुवात २१ एप्रिल, काम आणि पाण्याची चाचणी ३१ मेपर्यंत पूर्ण. चाचणी: दोन इंच पाणी, ७२ तास. पैसे: सुरुवातीला ३० टक्के, कोबा झाल्यावर ३० टक्के, चाचणी पास झाल्यावर ३० टक्के, उरलेले १० टक्के पावसाळ्यानंतर, ३० सप्टेंबरला.

गॅरंटीबद्दल तुम्ही सात वर्षं म्हणालात. ती कशाची आणि कोणत्या अटींवर, हे बोलायचं राहिलं आहे. कृपया मेलवर कळवा.

यात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर बुधवारपर्यंत सांगा. बरोबर असेल तर ‘मान्य’ एवढं उत्तर पाठवा, म्हणजे समितीपुढे ठेवून पहिला हप्ता काढता येईल.

मेल लांब वाटेल. पण फोनवर वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि यातली प्रत्येक ओळ एकेका संभाव्य भांडणाची जागा आधीच भरून टाकते. ‘या कामात धरलेलं नाही’ हा परिच्छेद बहुतेकजण लिहीत नाहीत, कारण नसलेल्या गोष्टीची आठवण येत नाही. आणि वाद बहुतेकदा नेमका तिथेच होतो. टाकीखालून ओल आली की सचिव म्हणतात, गच्ची म्हणजे सगळी गच्ची. आधी लिहून ठेवलेलं असेल तर तो वाद होत नाही. झालंच तर टाकीखालच्या कामाचा वेगळा दर विचारला जातो.

गॅरंटीच्या ओळीकडेही बघा. ती मुद्दाम अर्धवट सोडली आहे. बोलण्यात ‘सात वर्षं’ एवढंच आलं होतं, तेव्हा मेलमध्येही तेवढंच यायला हवं. गळती झाल्यास माल-मजुरीसह फुकट दुरुस्ती, असं सचिवांनी आपल्या मनाने लिहिलं असतं तर तो मेल नोंद न राहता नवीन मागणी झाला असता, आणि कंत्राटदाराला पुढेमागे म्हणता आलं असतं की यांनी न बोललेलं घुसडलं. एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या वीस खऱ्या ओळींवरचा विश्वासही जातो. जे ठरलं ते ठरलं म्हणून लिहायचं, जे राहिलं ते राहिलं म्हणून. माझ्या मते अशा मेलची सारी ताकद या शिस्तीत आहे, आणि हुशार माणसं नेमकी इथेच मोह आवरू शकत नाहीत.

आपल्याकडे खरी अडचण संकोचाची असते. ‘आमच्यावर भरोसा नाही का?’ हा प्रश्न येईल या भीतीने मेल लिहिलाच जात नाही. त्यावर खरं आणि पुरेसं उत्तर आहे: पैसे माझे नाहीत, सोसायटीचे आहेत, समितीला लेखी दाखवावं लागतं. आणि मेलमधल्या ओळी पुन्हा वाचा. पाणी सोसायटीचं, टँकर सोसायटीचा, सोलर हीटर सोसायटी हलवणार, गच्ची २० तारखेपर्यंत मोकळी मिळणार. यातली प्रत्येक ओळ कंत्राटदाराचं रक्षण करते. डिश काढायला सभासदांनी दहा दिवस लावले आणि काम जूनमध्ये गेलं, तर उशीर कोणामुळे झाला हे त्याला याच मेलवरून दाखवता येतं. म्हणूनच जाणते कंत्राटदार अशा मेलला नाक मुरडत नाहीत. मेल नकोच म्हणणारा दिसला, तर तेही काम देण्याआधी कळलेलं बरं.

आता समजा उत्तरच आलं नाही. गच्चीवर काम करणारा माणूस मेल रोज उघडेलच असं नाही. बरेचजण मेलच्या शेवटी लिहितात, ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य आहे असे समजू.’ दिसायला हे वाक्य भक्कम आहे, पण एकट्याने ते फारसं काही करत नाही. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मी तुमच्यावर एकतर्फी उत्तर द्यायची सक्ती लादू शकत नाही. पण करार कायद्याचं कलम ८ सांगतं की प्रस्तावातल्या अटीप्रमाणे काम करणं किंवा त्यातला मोबदला स्वीकारणं म्हणजेच प्रस्ताव मान्य करणं. कंत्राटदाराने उत्तर दिलं नाही, पण मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे २१ तारखेला काम सुरू केलं, १ लाख ६२ हजारांचा पहिला हप्ता घेतला आणि राडाराेडाही स्वतःच नेऊ लागला, तर त्याचं वागणं त्याच्या वतीने बोलतं. म्हणून पहिला हप्ता देताना बँकेच्या व्यवहारात आणि सोबतच्या निरोपात ‘१२ एप्रिलच्या मेलप्रमाणे पहिला हप्ता’ असं लिहावं. पैसे आणि मेल यांची गाठ तिथे पडते.

अर्थात उत्तर मिळवणं जास्त चांगलं, आणि त्याला सोपी युक्ती आहे. मेल गेल्यावर कंत्राटदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकाव्यात: ‘गच्चीच्या कामाचा मेल पाठवलाय, इथेही जोडतोय. वाचून मान्य असेल तर तसं लिहा.’ तो तिथे उत्तर देईल. मग सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच का नको, असं कोणी विचारेल. कारण तिथला संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, काही काळ सर्वांसाठी पुसताही येतो, आणि फोन बदलला की जुनं संभाषण अनेकदा हरवतं. शिवाय कामाची अट, लग्नाचं आमंत्रण आणि सुप्रभातचं फूल एकाखाली एक येत राहतात. होकार मिळवायला व्हॉट्सअ‍ॅप उत्तम आहे. मजकूर मात्र मेलमध्येच असावा, आणि तोही मेलच्या अंगात, नुसत्या जोडलेल्या फोटोत नको.

कधी उत्तर येतं ते असं: ‘ओके सर, फक्त राडारोड्याच्या गाड्यांचे पैसे वेगळे.’ पहिला शब्द वाचून सचिव खूश होतात आणि मेल बंद करतात. कायद्याने स्वीकृती बिनशर्त असावी लागते. ‘ओके, फक्त’ ही स्वीकृती नाही, तो नवा प्रस्ताव आहे. त्यावर सोसायटी गप्प राहिली आणि काम चालू दिलं, तर आता वागणं सोसायटीच्या विरुद्ध बोलू लागतं. त्याच दिवशी फोन करून प्रश्न सोडवावा, गाड्यांचे पैसे द्यायचे ठरलं तर किती आणि कशावर मोजून ते ठरवावं, आणि पुन्हा दोन ओळींचा मेल टाकावा.

काम सुरू झाल्यावर खरी कसोटी लागते. कोबा फुटतो, खालचा स्लॅब उघडा पडतो आणि एका कोपऱ्यात सळया गंजून काँक्रीट सुटलेलं दिसतं. हे वरून कोणाला दिसलं नव्हतं. कंत्राटदार सचिवांना वर बोलावतो, दाखवतो आणि म्हणतो, "हे आधी करायला लागेल काका, नाहीतर वरचं काम वाया जाईल." त्याचं म्हणणं बरोबर आहे. सचिव म्हणतात, "करा." पैशांचा विषय निघत नाही, कारण माणसं वर थांबलेली आहेत आणि आभाळ भरून यायला महिना उरलाय.

या एका शब्दाची किंमत अंतिम बिलात कळते. काम फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी ते केलं आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो, असं करार कायद्याचं कलम ७० सांगतं. म्हणजे ‘आमचं यावर काही ठरलंच नव्हतं’ असं म्हणून सोसायटी हात झटकू शकत नाही. पण किती द्यायचे, हे कलम सांगत नाही. वाजवी मोबदला किती, यावरच महिनोन् महिने जातात. त्याऐवजी गच्चीवरूनच फोनमध्ये लिहिता येईल: ‘ईशान्य कोपऱ्यात सळया गंजलेल्या, अंदाजे ६० चौरस फूट. गंज काढून, सळयांना लेप देऊन पॉलिमर मॉर्टर भरणं. हे मूळ कामाबाहेरचं. दर तुम्ही सांगितला तो अमुक. प्रत्यक्ष माप दोघांनी मिळून घ्यायचं. यामुळे मुदत चार दिवसांनी वाढून ४ जून. मान्य असल्यास कळवा, समितीचा होकार आला की सुरू करू.’ सोबत दोन फोटो, एकात मोजपट्टी दिसेल असा. नव्या कोब्याखाली ही जागा कायमची झाकली जाणार आहे. हा मेल जुन्याच साखळीत उत्तर म्हणून न टाकता वेगळ्या विषयाने पाठवावा, ‘वाढीव काम १’ असा आकडा देऊन. ऑगस्टमध्ये शोधताना तो सापडतो, आणि ‘वाढीव काम ३’ नावाचा मेलच नसेल तर तशा नावाचं बिलही टिकत नाही.

समितीचा होकार हे शब्द वर आले ते उगाच नाहीत. सचिव म्हणजे सोसायटी नव्हे. सचिवांनी गच्चीवर मान डोलावली तरी खर्चाला व्यवस्थापक समितीचा, आणि रक्कम मोठी असेल तर सर्वसाधारण सभेचा रीतसर ठराव लागतो. म्हणून मेल सोसायटीच्या अधिकृत पत्त्यावरून जावा आणि त्याची प्रत अध्यक्ष व खजिनदारांना उघडपणे, कंत्राटदाराला दिसेल अशी जावी. गुपचूप पाठवलेली प्रत पुढे उघड झाली की उगाच कटकारस्थानाचा वास येतो.

वाद न्यायालयात गेलाच तर मेल कशा रूपात आहे, याला महत्त्व येतं. याचा धडा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून मिळाला. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाची सीडी. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत कधी चालते, हा प्रश्न त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२०मध्ये न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राचे आता दोन भाग असतात: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. सामान्य माणसाने यातून एवढंच घ्यावं की मेलचा स्क्रीनशॉट काढून मूळ मेल पुसू नये. मूळ मेल ज्या खात्यात गेला आणि आला, तिथेच तो राहू द्यावा. प्रमाणपत्र पुढे वकील बघतील, पण मूळच नसेल तर प्रमाणित काय करणार?

आणि मेलने सगळं भागत नाही. काम पंचवीस-तीस लाखांचं असेल, बाहेरून परांची बांधून पूर्ण इमारतीचं असेल, तर सही-शिक्क्याचा करार हवाच. त्यात विमा, मजुरांच्या अपघाताची जबाबदारी, उशिराचा दंड, वाद कुठे मिटवायचा, असे विषय येतात आणि ते संध्याकाळच्या मेलमध्ये मावत नाहीत. असा करार आधीच झालेला असेल तर त्यातलं एक कलम आवर्जून वाचावं. ‘या करारातील बदल दोन्ही पक्षांच्या सह्यांनी लेखीच होतील’ असं लिहिलेलं असेल, तर दर बदलल्याचा नुसता मेल पुरणार नाही, पुरवणी पत्रावर सह्या घ्याव्या लागतील. लेखी कराराच्या विरुद्ध तोंडी बोलण्याचा पुरावा न्यायालय सहसा ऐकत नाही, तेव्हा ‘इंजिनिअर साहेब फोनवर म्हणाले होते’ याचा तिथे उपयोग नाही.

शेवटी एक व्यवहारातली अडचण. सहकारी सोसायटीच्या समितीची मुदत पाच वर्षांची आणि आपल्या गच्चीची गॅरंटी सात वर्षांची. म्हणजे सहाव्या पावसाळ्यात छत गळू लागेल तेव्हा गच्चीवर बोलणी करणारे सचिव पदावर नसण्याची शक्यता बरीच, कदाचित घर विकून दुसऱ्या गावीही गेलेले असतील. मेल त्यांच्या खासगी खात्यातून गेला असेल तर तो त्यांच्याबरोबरच गेला. तेव्हा सोसायटीच्या नावाने एक वेगळं खातं उघडा, कामाचे मेल तिथूनच पाठवा, मान्य झालेल्या मेलची छापील प्रत सभेच्या इतिवृत्ताला जोडा, आणि नव्या समितीला दप्तर सोपवताना चाव्या, शिक्का आणि चेकबुकाच्या यादीत त्या खात्याचा पासवर्डही लिहून द्या.